साड्यांच्या साइटवरचं सर्चचं पान कोणी तपासून देईल का? तातडीने मदत हवी आहे

सौदामिनी
येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे आणि तीन वर्षांपासून साइटही आहे. गेल्या महिन्यात साइटचं रूप बदलून घेतलं. तेव्हापासून लोक सर्च करतात, पान उघडतात आणि निघून जातात. दसरा तोंडावर आलाय. ज्या मुलाने काम केलं तो म्हणतो सगळं व्यवस्थित चालतंय, तुम्ही माल वाढवा. मला तर पान छान दिसतंय. फिल्टर आहेत, फोटो आहेत, किंमत आहे, ऑफर ठळक आहे. मग चुकतंय कुठे? कृपया लवकर सांगा.

केदार_प
ताई, मोबाइलवर की कॉम्प्युटरवर? साड्या किती आहेत? साइट कशावर बांधली आहे? आणि लोक सर्चमध्ये नेमकं काय टाइप करतात? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

निळूभाऊ
माझं हार्डवेअरचं ऑनलाइन दुकान आहे, अनुभवावरून सांगतो. मोबाइलवर एका ओळीत तीन वस्तू दाखवा. गिऱ्हाइकाला एका नजरेत जास्त माल दिसला की तो थांबतो. आणि किती टक्के सूट ते लाल रंगात मोठ्ठं लिहा. माझा खप यानेच वाढला.

सौदामिनी
तीनच दाखवतो भाऊ, आणि सूटही लालच आहे! केदारदादा, साड्या 340. बहुतेक ऑर्डर मोबाइलवरून. साइट वूकॉमर्सवर आहे असं तो मुलगा म्हणाला. लोक काय टाइप करतात ते मला कुठून कळणार?

सुमंत काका
फोटो मोठे असतील. प्रत्येक फोटोचं वजन कमी करा, पान भराभर उघडेल. आमच्या पुतण्याने होस्टिंग बदललं आणि सगळे प्रश्न सुटले.

सौदामिनी
काका, पान लगेच उघडतं. तो प्रश्नच नाही.

केदार_प
निळूभाऊ, खिळे आणि स्क्रूला तीन रांगा चालतात, कारण गिऱ्हाईक माप वाचून घेतं. साडी डोळ्यांनी घेतात. साधा फोन 360 पिक्सेल रुंद धरा. दोन्ही कडांना 16-16 आणि मध्ये 8-8 ची फट सोडली, तर तीन रांगांत एका कार्डाला 104 पिक्सेल उरतात. तेवढ्यात पदरावरचा मोर आणि कोयरी वेगळे ओळखू येत नाहीत. दोन रांगा केल्या तर कार्ड 160 चं होतं.

ताई, तुमच्या पानाचा एक स्क्रीनशॉट टाका. आणि लोक काय टाइप करतात ते गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये सापडेल, साइटवर बसवलेलं असेल तर. `view_search_results` नावाचा इव्हेंट उघडा, त्यात `search_term` दिसेल. शब्द मिळतील, पण कुठल्या शब्दाला किती साड्या निघाल्या ते तिथे नसतं. म्हणून वरचे वीस शब्द तुमच्याच फोनवर एकेक करून टाइप करा आणि किती निघतात ते वहीत लिहा.

अनघा_डोंबिवली
विषय निघालाच आहे तर विचारते, खरी हातमागाची पैठणी ओळखायची कशी? मागे एका साइटवरून मागवली होती ती सेमी निघाली.

सौदामिनी
अनघाताई, पदर उलटा करून बघा. हातमागावर नक्षी धाग्याला धागा अडकवून विणतात, त्यामुळे मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे बहुतेक वेळा सुटे धागे लोंबतात नाहीतर ते कापलेले दिसतात. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल बघा.

केदारदादा, स्क्रीनशॉट टाकलाय.

अनघा_डोंबिवली
धन्यवाद. पण मग हे तुमच्या सर्चच्या पानावर का नाही लिहिलेलं? स्क्रीनशॉटमध्ये शेजारी शेजारी दोन जांभळ्या पैठण्या आहेत. एक 4,500 ला, दुसरी 28,000 ला. फोटो सारखेच वाटतात. मी असते तर दुकान लुबाडतंय म्हणून बंद केलं असतं.

केदार_प
अनघाताईंनी नेमकं बोट ठेवलं. किंमत कितीही ठळक केली तरी ती कशाची किंमत आहे हे शेजारीच दिसायला हवं. फोटोखाली पहिली ओळ "हातमाग, शुद्ध रेशीम" किंवा "सेमी, पॉवरलूम" अशी. त्याखाली किंमत.

आता साडीचं नाव बघा. तुमच्या प्रत्येक साडीचं नाव दुकानाच्या नावाने सुरू होतं, मग "प्रीमियम एक्सक्लुझिव्ह". अरुंद कार्डात दोन ओळींनंतर नाव तुटतं. म्हणजे स्क्रीनवर नऊ कार्डं आहेत आणि नऊंवर अक्षरशः एकच मजकूर आहे! दुकानाचं नाव वर पट्टीत आहेच, तिथून काढा. "मोरपंखी, मुनिया काठ" एवढंच ठेवा.

किमतीत तीन आकडे आहेत: खोडलेली एमआरपी, सूट 40%, आणि द्यायची रक्कम. यात सर्वात मोठी सूट आहे आणि सर्वात बारीक द्यायची रक्कम. नेमकं उलटं करा. द्यायची रक्कम ठळक आणि काळी, एमआरपी लहान आणि करडी, सूट त्याच्या शेजारी. शिवाय 125,000.00 असं दिसतंय. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये दशांश शून्य करा म्हणजे शेवटचं .00 जाईल. 1,25,000 असा आपला स्वल्पविराम मात्र सेटिंगने येत नाही, त्याला थोडा कोड लागतो. तो त्या मुलाकडून करून घ्या, लाखाचा आकडा लोक स्वल्पविराम बघूनच वाचतात.

निळूभाऊ
सूट लहान केली तर गिऱ्हाईक आकर्षित कसं होणार? सगळ्या मोठ्या साइट हेच करतात.

केदार_प
सगळ्या 340 साड्यांवर 40% असेल तर त्या आकड्याने निवड करायला काहीच मदत होत नाही भाऊ. मोजक्याच साड्यांवर असेल तर दाखवा, माझी हरकत नाही.

सौदामिनी
वीस शब्द टाइप केले. आठ शब्दांना "नो प्रॉडक्ट्स फाउंड" आलं. मला रडूच आलं. `nauwari` ला शून्य, `नऊवारी` ला शून्य, आणि आमच्याकडे 46 नऊवारी आहेत! `hirvi paithani` ला शून्य. `green paithani` लाही शून्य, आणि हिरव्या तर ढिगाने आहेत. रंग प्रत्येक साडीला लावलेला आहे, मी स्वतः बसून लावलाय.

केदार_प
तुम्ही रंग गुणधर्म म्हणून लावलाय, म्हणून तो फिल्टरमध्ये दिसतो. पण वूकॉमर्स ज्यावर चालतं त्या वर्डप्रेसचं मूळचं सर्च गुणधर्मांत बघतच नाही. ते फक्त शीर्षक, संक्षिप्त वर्णन आणि वर्णन बघतं. तुम्ही टाइप केलेला प्रत्येक शब्द या तिन्हींत कुठेतरी जसाच्या तसा सापडला पाहिजे, एकही कमी पडला की शून्य. स्पेलिंगमधली चूक ते समजून घेत नाही. तुमच्या शीर्षकात `Nauvari` आहे, बाईंनी `nauwari` लिहिलं, संपलं.

चांगलं सर्च प्लगिन बसवता येईल, पण दसऱ्याआधी घाईत ते नको. आत्ता प्रत्येक साडीच्या वर्णनाच्या शेवटी "इतर नावं" अशी एक ओळ घाला, तिला लागू असलेल्याच शब्दांची. हिरव्या नऊवारी पैठणीला अशी:

```
नऊवारी नववारी हिरवी पैठणी nauvari nauwari navvari hirvi green paithani
```

340 साड्या एकेक उघडू नका. उत्पादनांची यादी सीएसव्ही म्हणून बाहेर काढा, वर्णनाच्या स्तंभात ओळ जोडा, परत आत घ्या. आत घेताना `Update existing products` वर टिक करा, नाहीतर आधीच्या साड्या वगळल्या जातील. फाइल साठवताना यूटीएफ-8 सीएसव्ही हाच प्रकार निवडा. साधी सीएसव्ही निवडली तर सगळं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन जाईल आणि तेच साइटवर चढेल. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. आणि आधी पाचच साड्यांवर करून बघा.

मिनू_टोरांटो
मी इथून दरवर्षी नऊवारी शोधते आणि `9 yard ready to wear` असं टाइप करते. शिवलेली हवी असते, नेसता येत नाही मला. तेही शब्द घाला ना. शिवलेली मिळते का तुमच्याकडे?

सौदामिनी
मिळते मिनूताई, चार आहेत. पण मी त्यांना "शिवलेली" एवढंच लिहिलंय. आज घालते.

आता फिल्टरचं सांगा. लाल आणि हिरवा दोन्हींवर टिक केलं तर 340 पैकी फक्त 11 साड्या येतात. एकटा लाल निवडला की त्यात हिरव्या साड्याही येतात!

केदार_प
यात दोन दोष आहेत. रंगाच्या फिल्टरच्या विजेटमध्ये `Query type` आहे, तिथे `AND` असणार. ते `OR` करा. एकाच गटातल्या दोन टिकांचा अर्थ "हे किंवा ते" असा व्हायला हवा. कापड आणि रंग असे वेगळे गट असतील तर त्यांच्यात "आणि" बरोबरच आहे.

दुसरा दोष पैठणीचाच आहे. तुम्ही अंगाचा रंग आणि काठाचा रंग एकाच यादीत टाकलेत. म्हणून लाल काठाची हिरवी साडी "लाल" म्हणून येते.

अनघा_डोंबिवली
पण मला नेमकी लाल काठाची हिरवीच हवी असते. तुम्ही `OR` केलंत तर मला ती सापडणारच नाही.

केदार_प
बरोबर, तुमच्यासाठी `AND` च सोयीचं होतं. म्हणून "अंगाचा रंग" आणि "काठाचा रंग" असे दोन गट करायला हवेत. तुमच्या यादीत 61 रंग आहेत ताई, बॉटल ग्रीन, मेहंदी, पोपटी असे सगळे सुटे. दहा-बारा मुख्य रंग ठेवा, छटा नावात राहू द्या. हे काम हातानेच करावं लागेल, दसऱ्याआधी होईल असं वाटत नाही.

शून्य आलेलं पान मात्र आजच बदला. तिथे रिकाम्या खोक्याचं चित्र आणि "होम पेजवर जा" एवढंच आहे, फिल्टरही गायब होतात. बाई फिल्टर काढणार कशातून? टाइप केलेला शब्द सर्चच्या चौकटीत तसाच राहू द्या, लावलेले फिल्टर एकेका फुलीसकट दाखवा, म्हणजे "5,000 पर्यंत" वर बोट ठेवलं की तेवढाच निघेल. खाली तुमचा व्हॉट्सअ‍ॅप.

निळूभाऊ
आणि खाली सर्वाधिक खपाच्या साड्या दाखवा. रिकामं पान कधी ठेवू नये.

केदार_प
दाखवा, पण "तुमच्या शोधाला साडी सापडली नाही" हे आधी स्पष्ट लिहून. नाहीतर सेमी शोधणारीला लाखाच्या साड्या दिसतात आणि तिला वाटतं तेच उत्तर आहे.

निळूभाऊ
माझ्याकडे वर काही न लिहिता दाखवतो, कोणी तक्रार केली नाही.

अनघा_डोंबिवली
तक्रार कोण करतं भाऊ, आम्ही पान बंद करतो. आणि ताई, फॉल-पिकोचे पैसे शेवटच्या पानावर वाढतात का तुमच्याकडे? मागच्या साइटवर तसंच झालं होतं.

सौदामिनी
हो, 150 रुपये. आधीच टिक केलेलं येतं.

केदार_प
ती टिक आजच काढा. न विचारता टोपलीत काही घालणं आणि शेवटी किंमत वाढवणं, दोन्ही केंद्र सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही. साडीच्या पानावर "फॉल-पिको हवं? +150" असं आधीच विचारा.

सौदामिनी
टिक काढली. `OR` केलं. पाच साड्यांवर ओळ घालून पाहिली, `nauwari` ला पाचही आल्या! उरलेली फाइल रात्री करते. दोन रांगांचं तो मुलगा सोमवारी करतो म्हणालाय. फक्त एक सांगा दादा, वाणसामानाच्या साइटसारखी कार्डावरच "टोपलीत टाका" ची बटणं हवीत का? तो म्हणतो काढली तर ऑर्डर अजून पडतील.

केदार_प
28,000 ची साडी कार्डावरून कोणी टोपलीत टाकत नाही, आत जाऊन पदर बघितल्याशिवाय. बटणाची जागा कापडाच्या ओळीला द्या, असं माझं मत.

निळूभाऊ
बटण ठेवा. माझं ऐका.

सौदामिनी
बटण पंधरा दिवस काढून बघते आणि इथेच कळवते.