बाँडचे दीड लाख भरायचे का?

खानापूरचा पोरगा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा स्टॅम्प पेपरवर सही घेतली होती. दोन वर्षांआधी सोडलं तर दीड लाख भरायचे. सोळा महिन्यांनी सोडलं, आता पुण्यात आहे. वकिलाची नोटीस आलीय. भरावेच लागतील का?

निपाणीवाला: काय घाबरूलालास? करार कायद्याचं कलम 27 वाच. नोकरी सोडायला अडवणारा करार रद्दच असतो. नोटीस फाडून टाक.

शॉपवाला: फाडून टाक म्हणे! पोराला व्हीएमसी मशीनवर उभं केलं की पहिले चार महिने नुसता स्क्रॅप निघतो. त्याचा पगार मी देतो, इन्सर्ट तुटतात ते मी भरतो. हात बसला की पोरगं चाकणला. पुण्याच्या कंपनीला आयता माणूस मिळाला.

कोर्टातला काका: निपाणीकर, ते 27 इथे चालणार नाही. विजया बँकेचा खटला बघ, आपल्याच कर्नाटक हायकोर्टात बँक हरली होती. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. तीन वर्षांआधी सोडलं तर दोन लाख, ही अट वैध ठरली. मात्र ती सरकारी बँक. जाहिरात देऊन भरती पुन्हा करण्याचा खर्च तिथे धरला गेला, आणि माणूसही वरच्या हुद्द्यावरचा.

पण अट वैध म्हणजे आकडा पुरा मिळतो असं नाही. त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी तेवढंच. दिल्ली हायकोर्टात 2011 मध्ये बाँड दोन लाखांचा होता. तीन वर्षांपैकी दोन झालेली. ट्रेनिंगचा सिद्ध झालेला खर्च सदुसष्ट हजारांच्या आसपास, म्हणून उरलेल्या एका वर्षाचे साडेबावीस हजारच मिळाले. बाळ, तुला बाहेर ट्रेनिंगला पाठवलं होतं का?

खडेबाजारची आई: माझ्या मुलीचं नर्सिंगचं मूळ सर्टिफिकेटच दवाखान्याने ठेवून घेतलंय. त्याचं काय करायचं?

खानापूरचा पोरगा: सहा दिवस पुण्याला. फी, लॉज मिळून कंपनीचे तीसेक हजार गेले असतील. बाकी सीनिअरच्या शेजारी उभं राहून शिकलो. आणि सही केलेले दोन कोरे चेक त्यांच्याकडे आहेत.

कोर्टातला काका: तीस धरले तर चोवीसातले आठ महिने उरतात, म्हणजे दहा हजार. नोटिशीला उत्तर दे, खर्चाची बिलं माग. खरी भीती चेकची. त्यांनी दीड लाखाचा आकडा घालून चेक बँकेत टाकला आणि तो बाउन्स झाला तर 138 ची केस होते, आणि देणं तेवढं नव्हतं हे तुलाच दाखवावं लागतं. म्हणून चेक सिक्युरिटीचे होते, ते परत करा, हे आजच लेखी पाठव. ताई, मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत. आधी लेखी मागणी करा.

शॉपवाला: आणि माझा स्क्रॅप? त्याचं बिल कोण देणार मला?

कोर्टातला काका: नोंद ठेवलीय का? पोराच्या नावावर, तारखेसकट?

शॉपवाला: शॉपमध्ये अशी नोंद कोण ठेवतं हो!

निपाणीवाला: मग दहा हजारही देऊ नकोस.