मदत हवी आहे: सगळे म्हणतात 'भारी आहे', पण डाव रखडतो. नेमकं काय बदलू?

कोपरीकर: नमस्कार मंडळी. ट्रान्स-हार्बर मार्गावर चार जणांचा बोर्ड गेम बनवतोय. ठाणे ते वाशी नऊ स्टेशनं. स्टेशनाचं कार्ड विकत घ्यायचं, मग दर फेरीला त्याची नाणी मिळतात. बारा फेऱ्यांनंतर ज्याच्याकडे जास्त नाणी तो जिंकला.

आमच्या घरी मित्रांबरोबर सहा डाव झाले. एक म्हणतो फासे टाक, दुसरा म्हणतो पुढे गेलेल्याला पाडायची कार्डं दे, वहिनी म्हणते फार लांबतो. सगळ्यांचं ऐकून फासे आणले, पाच नवी कार्डं घातली आणि फेऱ्या दहावर आणल्या. पुढचा डाव ८० मिनिटांवरून ९५ वर गेला! आता सगळं पूर्ववत केलंय. कुणाचं ऐकू?

हिशेबी_वाशीकर: गूगल फॉर्म करा. प्रत्येक सूचनेला दहापैकी गुण द्यायला सांगा आणि बहुमत घ्या. गप्पा सुरू व्हायच्या आधीच भरून घ्या, नाहीतर मोठ्या आवाजाचा जो असेल त्याचीच री ओढतात.

सोंगटी: फॉर्म गप्पांच्या आधी भरून घ्या, हे शंभर टक्के बरोबर. पण बहुमतानं औषध ठरवू नका. खेळणाऱ्याला दुखतंय कुठे ते बरोबर कळतं, उपाय मात्र तो बहुतेक वेळा आपल्या आवडीचा सांगतो. कोपरीकर, दोन प्रश्न. तुम्ही स्वतः खेळायला बसता का? आणि कोणी कुठलं कार्ड कितव्या फेरीत घेतलं, हे लिहिलंय का?

घणसोलीची_मीनल: कार्डं कुठे छापलीत? आमच्या मुलांच्या गेमची मी लॅमिनेट करून घेतली, एकदम दुकानातल्यासारखी दिसतात. तसं केलंत तर मित्र जास्त मनापासून खेळतील.

सोंगटी: मीनलताई, शेवटी नक्की करा, पण आत्ता नको. सुबक वस्तूला नावं ठेवायला लोक कचरतात, आणि पैसे घातले की आपलाही हात बदलायला धजत नाही. जुने पत्ते स्लीव्हमध्ये घालून पुढे पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी सरकवायची. किंमत बदलली की चिठ्ठी बदलली.

कोपरीकर: हो, मीही खेळतो, चौथा माणूस मिळत नाही म्हणून. वहीत खरेदी लिहिलेली आहे. आत्ता पाहिलं तर सहापैकी पाच डावांत ज्यानं पहिल्या दोन फेऱ्यांत ऐरोली घेतलं तोच जिंकला. ऐरोली ४ नाण्यांना, दर फेरीला २ देतं. बाकीची ३ ला, १ देतात. सुरुवातीला प्रत्येकाकडे ५ नाणी. वहिनीनं मोबाइल उचलला तो सातव्या फेरीत, हेही लिहिलंय.

सोंगटी: मग दुखणं सापडलं असं मला वाटतं. ऐरोलीचे पैसे दोन फेऱ्यांत वसूल होतात, बाकीच्यांना तीन लागतात, आणि पुढे दर फेरीला दुप्पट मिळकत. सातव्या फेरीला मागच्यांना कळून चुकतं की आता काही होणार नाही, पण उठता तर येत नाही. फासे, पाडायची कार्डं, 'लांबतो' ही तीनही गाऱ्हाणी तिथूनच येतात.

फक्त ऐरोलीची किंमत ७ करा, बाकी कशाला हात लावू नका. हातात पाचच नाणी असल्यानं पहिल्या फेरीत कुणाला परवडणार नाही. अख्खा डाव खेळायची गरज नाही, सहा फेऱ्यांवर थांबवा. कोण जिंकलं यापेक्षा ऐरोली घेताना हात थांबतो का ते बघा. न विचारता उचललं तर अजून स्वस्त आहे. कुणीच घेतलं नाही तर महाग झालं, मग ६ करून बघा.

हिशेबी_वाशीकर: दोन-तीन डावांत काय सिद्ध होणार? त्यापेक्षा मागच्याला दर फेरीला एक नाणं फुकट द्या, चुरस आपोआप राहील.

सोंगटी: सिद्ध काहीच होत नाही, मान्य. फुकट नाण्याचा धोका असा की लोक मुद्दाम मागे राहायला लागतात. पण किंमत बदलून भागलं नाही तर तेही करून बघण्यासारखं आहे.

कोपरीकर: काल रात्री दोनदा सहा फेऱ्या केल्या, तिघंच खेळले आणि मी बाहेर बसून लिहिलं. पहिल्यांदा ऐरोली सहाव्या फेरीत गेलं, घेणारा दोनदा नाणी मोजून मग म्हणाला, "घेऊ का?" दुसऱ्यांदा कुणीच घेतलं नाही. म्हणजे ६ करून बघतो.

फासेवाला मित्र मात्र हटत नाही. म्हणतो, चुरस वगैरे ठीक आहे, पण फासे हातात खुळखुळवायला मजा येते.

सोंगटी: तो डाव सुधारायला नाही, मजेसाठी मागतोय. वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा. दुसऱ्या कुठल्या ग्रुपनं न विचारता तेच मागितलं तर बघू. आणि या मित्रांना आता गेम पाठ झालाय, त्यांचा वेळ धरून डाव किती लांब ते ठरवू नका.

कोपरीकर: रविवारी नेरूळचे चौघं येतायत, गेम पहिल्यांदाच बघणारे. नियमांचा कागद हातात देऊन गप्प बसायचं ठरवलंय. ते नियम चुकीचे वाचायला लागले तर मध्ये बोलायचं की नाही?

सोंगटी: डाव अडला तरच. नाहीतर कुठली ओळ चुकीची वाचली ते लिहून घ्या.