आकडा लिहा, आणि तो कसा मोजला तेही

"रिपोर्टमध्ये 'प्रगती चांगली' लिहिलं, तरी विमावाल्यांनी फिजिओथेरपीची पुढची सेशन्स अडवली. काय लिहायचं?"

इथे इंदूरला रामबागेतल्या एका काकूंचा गुडघा बदलला होता. मी लिहिलं: पाठीवर झोपवून, गोनिओमीटरने, स्वतःहून गुडघा वाकवणं दुसऱ्या आठवड्यात 70 अंश, सहाव्यात 105. आपण हाताने दाबून वाकवलेला आकडा वेगळा लिहायचा. सरमिसळ झाली की खोटी प्रगती दिसते. आणि पाचेक अंशांची वाढ मिरवू नका, ती मोजण्यातली चूकही असू शकते.

मग घरातलं काम जोडलं. आधी खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागे, आता लागत नाही. जिना मात्र अजून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पुढची सहा सेशन्स मागितली ती या जिन्यासाठीच.