मदत हवी आहे: पाच १ नंतर आधीच ० असेल, तरी बिट स्टफिंगचा ० घालायचा का?

सिडकोकर
नमस्कार. नाशिकला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरावाचं एक गणित अडलंय. फ्लॅग 01111110, आणि डेटा असा:

```
01111101111110
```

मी काढलेलं उत्तर:

```
011111011111010
```

म्हणजे ० एकदाच घातला, जिथे सहा १ आले होते तिथे. पहिल्या ठिकाणी पाच १ झाल्यावर डेटातच ० आहे, फ्लॅग तयार होण्याची भीतीच नाही. पण छापील उत्तरात १६ बिट आहेत, माझे १५ भरतात. मैत्रीण म्हणते, नियम पाठ कर आणि सोड. तो जास्तीचा ० का, हे कळल्याशिवाय मला पुढे जाववत नाहीये.

पंचवटी११
तुमचं बरोबर वाटतंय. डेटात फ्लॅग दिसू नये एवढाच हेतू असतो. खरं तर पाचावर तरी कशाला थांबायचं? फ्लॅगमध्ये सहा १ आहेत, मग सहा झाल्यावर ० घाला.

जुना_वायरवाला
पंचवटी, हेतू बरोबर सांगितलात, पण सहा १ नंतर ० घातलात की 0111111 च्या पुढे ० येतो. फ्लॅग तुम्हीच तयार केलात.

सिडकोकर, तुमचे १५ बिट घेणाऱ्याच्या जागी बसून वाचा. मूळ डेटा त्याच्यापुढे नाही. सलग पाच १ आले आणि पुढे ० दिसला, की तो घातलेला समजून टाकायचा, एवढंच त्याला माहीत. तुमची ओळ तो अशी वाचेल, कंसातले शून्य टाकत:

```
0 11111 (0) 11111 (0) 1 0
```

उरले १३ बिट, 0111111111110. पाठवायचे होते १४. पहिल्या कंसातला ० तुमच्या डेटाचा होता, तोच गेला. तो टाकायचा की ठेवायचा, हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून पाठवणारा पुढे काय आहे ते बघतच नाही, पाच १ झाले की ० घालतो:

```
0 11111 (0) 0 11111 (0) 1 0
```

आता कंसातले टाकले की नेमका तुमचा डेटा उरतो. पाच १ नंतर सहावाही १ आला, तरच घेणारा त्यापुढचा बिट बघतो: ० असेल तर फ्लॅग, १ असेल तर पाठवणाऱ्याने फ्रेम मधेच सोडली.

द्राक्षबाग
माझाही स्टफिंगचाच घोळ आहे, इथेच विचारतो. निफाडच्या बागेतून तापमान वायरने घरी येतं. आकडा दहापट करून दोन बाइटमध्ये पाठवतो. पहाटे पारा १२.६ वर आला की नेमकं ते पॅकेट गायब, १२.५ आणि १२.७ व्यवस्थित. उन्हाळ्यात ३८.२ ला तेच. दवाने होत असेल म्हणून कनेक्टर बदलून झाले. बिट मोजून बघू का?

```
s = s.replace(b'\x7e', b'\x7d\x5e')
s = s.replace(b'\x7d', b'\x7d\x5d')
```

जुना_वायरवाला
बिट मोजू नका, तुमचं बाइट स्टफिंग आहे. सिरियल पोर्ट अख्खे बाइटच पाठवतो, मधे एकटा बिट घुसवता येत नाही. म्हणून फ्लॅगसारखा बाइट आला की त्याच्या जागी 7D आणि दुसरा एक बाइट जातो.

१२६ म्हणजे 00 7E. पहिल्या ओळीने त्याचं 00 7D 5E झालं, इथवर ठीक. दुसऱ्या ओळीने तुम्हीच आत्ता घातलेला 7D डेटातला समजून पुन्हा बदलला:

```
00 7D 5D 5E
```

घेणाऱ्याला मिळतं 00 7D 5E, दोनाऐवजी तीन बाइट, आणि तपासणीत पॅकेट बाद. ३८२ म्हणजे 01 7E, तीच गत. १२.५ चा 7D फक्त दुसऱ्या ओळीत बदलतो, म्हणून तो वाचतो. दोन्ही ओळींची अदलाबदल करा. उलगडताना मात्र replace नको, एकेक बाइट वाचत जा.

द्राक्षबाग
ओळी बदलल्या. हाताने १२६ आणि ३८२ पाठवून पाहिले, दोन्ही पोचले. काका, दोन हिवाळे मी वायरच तपासत होतो.

सिडकोकर
म्हणजे डेटातला खरा 7D तसाच पाठवला तर घेणारा त्याला खूण समजेल, माझा खरा ० घातलेला समजला गेला तसा. आता पटलं. एक राहिलंय: फ्रेम 11111 वर संपली तर? पुढे फ्लॅगचाच ० आहे.

जुना_वायरवाला
तरी घालायचा. एचडीएलसीत हा नियम शेवटच्या तपासणीच्या बिटांनाही लागू आहे.

पंचवटी११
सहाचं माझं चुकलंच. पण इथे अडतंय. घेणारा ओळीवरच्या कच्च्या बिटांतच फ्लॅग शोधत असेल, तर शेवटी ० न घालताही त्याला फ्लॅग सापडेल, डेटाही नीट उरेल. मग तिथे नियम कशासाठी? सर्किट सोपं राहावं म्हणून?