दुकानाचा मीटर घरगुती करायचाय, मागची बिलंही सुधारून हवीत – अर्ज तपासून द्याल का?

सिडकोकर_नाशिक
सिडकोतलं आमचं घर. खाली वडिलांचं किराणा दुकान होतं, वर भाऊ राहतो, दोघांचे मीटर वेगळे. मार्च २०२२ ला दुकान बंद केलं. तेव्हापासून खाली आई-वडीलच राहतात, स्वयंपाकही खालीच. १२ जून २०२३ ला वीज कंपनीकडे दर बदलण्याचा अर्ज दिला, आवक शिक्क्याची प्रत आहे. वायरमन येऊन बघून गेला, पुढे काही नाही. आज जून २०२५, बिल अजून व्यापारीच. काउंटरवर म्हणतात, "नवा अर्ज करा, मागचं मिळत नाही."
मी असं लिहिलंय : "मार्च २०२२ पासून दुकान बंद आहे. तेव्हापासूनची जादा रक्कम परत करावी व घरगुती दर लावावा." चालेल का?

वकिली_डोकं
वीज कायद्याचं कलम ५६(२) वाचा. दोन वर्षांपलीकडचं काही मिळत नाही.

जुना_बिलिंगवाला
वकीलसाहेब, ते कलम कंपनीने ग्राहकाकडून थकबाकी वसूल करण्याबद्दल आहे, परताव्याबद्दल नाही. पण दोन वर्षांचा मुद्दा दुसरीकडून येतोच : गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं.
सिडकोकर, नवा अर्ज मुळीच देऊ नका. तो दिलात की तुमची तारीख २०२५ ची होते आणि जुन्या शिक्क्याचं वजन जातं. स्मरणपत्र द्या.
दुसरं, तुम्ही दोन मागण्या एकात कालवल्यात. मार्च २०२२ ते जून २०२३ ही बाजू लंगडी आहे, कारण वापर बदलल्याचं कंपनीला कळवलंच नव्हतं. अर्जानंतरची बाजू मात्र भक्कम. अर्ज मिळाल्यावर दुसरं बिलिंग चक्र संपायच्या आत दर बदलायला हवा होता, म्हणजे साधारण ऑगस्ट २०२३ पर्यंत. तिथून दोन वर्षं मोजली तर मंचासाठी तुमच्या हातात दोनेक महिनेच उरलेत. असं लिहा :

"विषय : ग्राहक क्र. … चा दर व्यापारीवरून घरगुती करणे व बिलांची फेरआकारणी.
संदर्भ : दि. १२ जून २०२३ चा अर्ज, आवक क्र. …
महोदय, वरील अर्जानंतर आपल्या कर्मचाऱ्याने जागा पाहिली, तरी दर बदललेला नाही. कृपया –
अ) घरगुती दर लावून अर्जाच्या तारखेपासूनच्या प्रत्येक महिन्याची, नोंदलेल्या युनिटांवर, स्थिर आकार व वीज शुल्कासह फेरआकारणी करावी. जादा रक्कम कलम ६२(६) प्रमाणे व्याजासह पुढील बिलांत जमा करावी.
ब) जागेचा वापर मार्च २०२२ पासून निवासी असल्याने अर्जाआधीच्या त्या काळाचाही विचार व्हावा.
क) फेरआकारणीचा तक्ता व खात्याच्या मागील बिलांच्या नोंदींचा सीपीएल उतारा द्यावा."

'ब' नाकारलं तरी 'अ' अडकत नाही, म्हणून वेगळं. वीज शुल्क विसरू नका, घरगुतीला १६ टक्के आणि व्यापारीला २१. सोबत गुमास्ता रद्द केल्याचा कागद आणि घरपट्टीची पावती लावा. घरपट्टी अजून अनिवासी दराने येत असेल तर आधी महापालिकेत ते बदला, नाहीतर तोच कागद तुमच्यावर उलटेल.

शिवणक्लासवाली
माझ्या घरीच शिवणाचे क्लास आहेत, मलाही व्यापारी मीटर लावतील का हो?

जुना_बिलिंगवाला
ताई, राहत्या घरातला छोटा व्यवसाय महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असेल तर दर घरगुतीच. पण इथला प्रश्न उलटा आहे.

सिडकोकर_नाशिक
खूप आभार. गुमास्ता रद्द केलेला आहे, घरपट्टी बघतो. वापर १४० युनिटच्या आसपास असतो. फक्त मे २०२४ मध्ये बहिणीची मुलं आली, एसी रात्रंदिवस, ३४० झाले.

जुना_बिलिंगवाला
मग तेवढ्या महिन्यात फरक कमी दिसेल, दचकू नका. घरगुती दर टप्प्यांनी चढतो आणि ३०० च्या पुढची युनिटं दुकानाच्या दरापेक्षा महाग पडतात. म्हणूनच महिन्यानिहाय तक्ता मागायचा. दोन वर्षांची सगळी युनिटं एकाच महिन्यात टाकून हिशेब केला तर सगळीच वरच्या टप्प्यात जातील. हा घोळ मी पाहिलाय. आत या तक्त्याला बी-८० म्हणतात, काउंटरवर हाच शब्द वापरा.

गंगापूररोड
एका घरात दोन घरगुती मीटर देतात का पण? आमच्या शेजाऱ्यांना एकत्र करायला लावले.

जुना_बिलिंगवाला
कुटुंब एकच धरलं तर अडवतात. स्वयंपाकघर वेगळं, रेशनकार्ड वेगळं असं दाखवता आलं तर निभतं. सिडकोकर, रेशनकार्ड वेगळं आहे का?

सिडकोकर_नाशिक
नाही, एकच आहे. वडिलांच्या नावावर.