मदत हवी आहे: लोणच्याच्या लेबलवर हिंगातला गहू कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. तुर्भ्याच्या एका लोणचेवाल्यांचं लेबल मराठीतून जर्मनमध्ये करतेय. माल जर्मनीला जाणार आहे. घटक त्यांनी असे दिलेत: कैरी, मीठ, खाद्यतेल, मोहरीची डाळ, मिरची, मेथी, हिंग, हळद.

युरोपियन युनियनच्या 1169/2011 नियमानुसार चौदा ॲलर्जेन्स घटकांच्या यादीतच ठळक करावे लागतात. मोहरी त्यात आहे, मेथी नाही, तिथवर ठीक. अडलंय ते हिंगावर. मी त्यांच्याकडून हिंगाच्या डब्याचा फोटो मागवला, तर त्यावर डिंक आणि गव्हाचं पीठ स्पष्ट लिहिलंय. मालक म्हणतात, "ताई, चिमूटभर तर हिंग, कोण बघतंय?" पण दोन टक्क्यांखालच्या मिश्र घटकाला मिळणारी सूट ॲलर्जेनला लागू होत नाही. ग्लूटेन न चालणाऱ्या माणसाने ते लोणचं विश्वासाने खाल्लं तर?

माझा विचार असा: हिंगापुढे कंसात डिंक आणि गव्हाचं पीठ देऊन गहू ठळक करायचा. तेल शेंगदाण्याचं निघालं तर तेही ठळक होईल, म्हणून तेलाचं नाव लेखी मागितलंय.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचंय: मालक तयार नसतील तर तुम्ही गहू घालूनच मजकूर देता, की स्पेसिफिकेशन शीटवर त्यांची सही येईपर्यंत काम थांबवता? शिवाय "उघडल्यावर कोरडा चमचा वापरा" ही सूचना साठवणुकीच्या ओळीतच घालता का वेगळी? छपाई याच आठवड्यात आहे.