तीन वेळा लिहिलेल्या एकाच "दऱ्या"

रेघोटी: "शोधात 'दऱ्या' लिहिले की निम्म्याच नोंदी सापडतात, ही तक्रार आज पुन्हा वाचली. लोक वाटेल तसे टंकतात आणि दोष आज्ञावलीला देतात. शोधशब्द आणि साठवलेला मजकूर या दोन्हींना एनएफसी, म्हणजे युनिकोडमधली समान रूपे एकसारखी करणारी प्रक्रिया, लावावी, विषय संपला."

अर्धमात्रा: "विषय संपला" या दोन शब्दांमुळेच लिहायला बसलो, एरवी सोडून दिले असते. माझ्याकडच्या संग्रहात डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी "दऱ्या" युनिकोडच्या संकेतांकांत तीन प्रकारांनी साठवलेली आहे:

```
0926 0931 094D 092F 093E
0926 0930 093C 094D 092F 093E
0926 0930 094D 200D 092F 093E
```

पहिल्या ओळीत अख्खा ऱ आहे, दुसरीत र आणि त्याखाली नुक्ता आहे, तर तिसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचे जोडचिन्ह, आहे. एनएफसी दुसरीची पहिली करते. एखाद्याने हलन्त आधी आणि नुक्ता नंतर टंकला असेल, तर त्यांचा क्रमही ती लावून घेते. तिसऱ्या ओळीला मात्र ती हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ऱ म्हणजे र आणि नुक्ता, एवढीच समानता अधिकृत आहे. झेडडब्ल्यूजेचा प्रकार हा र कसा दाखवावा याविषयीचा संकेत आहे, आणि युनिकोड 2.0 शी सुसंगतता राहावी म्हणून तो आजही वैध मानला जातो. त्या काळात ज्याने तसे टंकले, त्याने त्या वेळचा नियमच पाळला होता. त्याला "वाटेल तसे" म्हणण्याआधी आपण नियम वाचायला हवा होता.

रेघोटी: बरे, तीनपैकी दोन तरी माझ्या पदरात पडले, आभारी आहे. मग तो झेडडब्ल्यूजेच काढून टाका! मी कित्येक वर्षे तेच करत आलो आहे. माझ्या शब्दसूचीत "ॲ"ने सुरू होणारे शब्द तीन ठिकाणी विखुरलेले होते, आणि त्यांतला एक प्रकार निव्वळ या अदृश्य चिन्हामुळे वेगळा पडला होता. सगळीकडून ते काढले आणि सूची स्वच्छ झाली. कोणाचे काहीही बिघडले नाही.

अर्धमात्रा: बिघडले आहे, फक्त आपल्याला दिसलेले नाही. वरच्या तिसऱ्या ओळीतून `200D` काढून पाहा. उरते ते `0926 0930 094D 092F 093E`, म्हणजे "दर्या". डोंगरांमधल्या दऱ्यांचा आपण समुद्र केलात. आधी निदान शोधात नोंद सापडत नव्हती, आता ती चुकीच्या शब्दाखाली सापडते, आणि मूळ शब्द कोणता होता याची खूणही मजकुरात शिल्लक नाही. आचाऱ्याला बोलावले असता आचार्य दारात उभे राहतील, तेही याच वाटेने.

जुनीशाई: मी मुद्रितशोधक आहे, आज्ञावलीतले मला कळत नाही. पण हा सगळा फॉन्टचा घोळ आहे असे माझे ठाम मत आहे. एका ग्रंथाच्या शब्दसूचीत "कुऱ्हाड" दोनदा आली, दोन्हींपुढे निरनिराळे पृष्ठक्रमांक होते. मी तीन फॉन्ट बदलून पाहिले, भिंग लावून पाहिले, छापील प्रत उन्हात धरली, दोन्ही कुऱ्हाडी जुळ्या बहिणी. शेवटी हाताने एक नोंद खोडली. तसेच आपले ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात त्याचेही कोणी काही करत नाही, तेवढे आधी सोडवा.

अर्धमात्रा: ल आणि श यांचे दुखणे नेमके उलट आहे. तिथे संकेतांक एकच असतो आणि वळणे दोन, आपल्या कुऱ्हाडीत वळण एकच आणि संकेतांक दोन. फॉन्टने ल सुधारेल, पण कुऱ्हाड सुधारणार नाही. उलट फॉन्ट जितका चांगला, तितका हा फरक अधिक चांगला लपतो.

पाटीपेन्सिल: रेघोटी यांनी "ॲ"चा उल्लेख ओझरता केला, पण खरा अन्याय तिथेच झाला आहे. `0972` हा वर्ण युनिकोडमध्ये 5.1 या आवृत्तीत, 2008 साली आला. तोपर्यंत आम्ही काय करायचे होते? अ आणि त्यापुढे ॅ टंकला, तर कित्येक ठिकाणी मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटायचे, आणि ते घालवण्यासाठी लोकांनी मध्ये झेडडब्ल्यूजे खुपसला. तीन रूपे झाली ती अशी:

```
0972
0905 0945
0905 200D 0945
```

यांतली कोणतीही दोन रूपे एनएफसी एकत्र आणत नाही, आणि यापुढेही आणणार नाही. वर्ण दाखल होताना त्याला विघटन दिले नाही, तर स्थैर्याच्या वचनामुळे ते नंतर देता येत नाही. मी तेव्हा टंकलेली शेकडो पाने आज "अशुद्ध" ठरवली जातात. ती कोणी बदलायला निघाले, तर मी आडवा येईन.

रेघोटी: आडवे या, पण मग शोधात काही सापडले नाही म्हणून गळा काढू नका. जुना मजकूर जसाच्या तसा जपायचा आणि तुलनाही जुळायला हवी, या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने कशा करता?

अर्धमात्रा: एकाच तोंडाने करता येतात. मूळ मजकुराला हात न लावता तुलनेपुरती वेगळी किल्ली तयार करावी. इथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे:

```python
import re, unicodedata

def key(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
    s = re.sub("\u0905\u200D?\u0945", "\u0972", s)
    return s.replace("\u200D", "")
```

शेवटची ओळ ही रेघोटी यांचीच आहे, फक्त तिला शेवटी बसवले आहे. र आणि हलन्त यांच्यामागचा झेडडब्ल्यूजे आधी ऱ मध्ये जिरवला, की उरलेले बहुतेक झेडडब्ल्यूजे जोडाक्षराचे वळण बदलण्यापुरते असतात आणि किल्लीतून निर्धास्तपणे काढता येतात. तीच ओळ वर नेली, की दर्या पुन्हा खवळतो.

रेघोटी: म्हणजे माझा उपाय बरोबर होता, फक्त तीन ओळी लवकर आला होता. लक्षात ठेवीन. तरीही साठवलेला मजकूर एकदाच सुधारून टाकावा, हे माझे मत कायम आहे. हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक नव्या आज्ञावलीला ही किल्ली कोण शिकवत बसणार?

पाटीपेन्सिल: आणि माझेही कायम आहे.

जुनीशाई: भाच्याकडून ही आज्ञावली चालवून घेतली. कुऱ्हाड एक झाली, हे मान्य करतो, फॉन्टविषयीचे शब्द मागे घेतो. परंतु सूचीत "दुःख" अजूनही दोनदा आहे.

अर्धमात्रा: त्या दोहोंपैकी एकात विसर्ग `0903` नसून विरामचिन्हातला अपूर्णविराम `003A` आहे, असे दिसेल. हे एकाच अक्षराचे दुसरे रूप नव्हे, ते वेगळेच चिन्ह आहे. "दु:ख"मध्ये ते दोन अक्षरांच्या मधोमध असल्यामुळे बदलता येईल, पण "स्वत:"च्या शेवटी विसर्ग अभिप्रेत होता की खरोखरच अपूर्णविराम, हे आज्ञावलीला सांगता येणार नाही. तिथे कळफलकावर चुकीची कळ दाबली गेली आहे.

रेघोटी: कोणी दाबली म्हणालात?